मर्यादा क्रमांक सात

लोकांच्या दाराची बेल वाजवण्यात आत्यांची चोवीस वर्षं गेली. विकायला काही नाही, मागायला काही नाही. हातात फक्त फॉर्मांचा गठ्ठा आणि कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेलं पेन. बेल एकदाच वाजवायची, मग दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे भिंगातून बघणाऱ्याला आपण पूर्ण दिसतो. दार उघडलं की आधी नाव, मग काम, आणि मग लगेच "पंधरा मिनिटं लागतील, बाई." दहा म्हणायचं नाही. दहा सांगून पंधरा लावणारा माणूस खोटा ठरतो आणि मग पुढची सगळी उत्तरंही खोटीच मिळतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

नवरा फार लवकर गेला, तेव्हा एक ट्रंक घेऊन त्या भावाकडे आल्या. भावाला त्या दादा म्हणत, भावजयीला वहिनी. आणि दादांचा मुलगा आत्या म्हणायचा म्हणून सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणू लागली. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात त्यांना 'दारावरच्या आत्या' म्हणत. तिथल्या कित्येक डॉक्टरांच्या प्रबंधांतली माहिती आत्यांच्या चपलांनी गोळा केलेली होती. प्रबंधाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव दुसऱ्याचं, हे खरं. पण आत्यांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. आत्यांनी भरलेला फॉर्म म्हणजे खरा फॉर्म. दुसरे सर्वेक्षक झाडाखाली बसून वीस-वीस फॉर्म एका दमात भरतात, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याकडे काणाडोळा करत. आत्यांचं तसं नव्हतं. समोरचा म्हणाला "माहीत नाही", तर त्या "माहीत नाही" असंच लिहीत. विचारणाऱ्याला ते कितीही गैरसोयीचं असो.

तर अशा या आत्यांच्या भाच्याने पीएच.डी. करायची ठरवली.

भाच्याला घरात चिरंजीव म्हणत. तो एकुलता एक होता आणि आयुष्यभर तसाच वागला, म्हणून आपणही चिरंजीवच म्हणू. एका कॉलेजात तो सहा वर्षं तात्पुरत्या जागेवर शिकवत होता. डॉक्टरेट मिळाली तर जागा कायम, नाही तर दर जूनमध्ये पुन्हा अर्ज. विषय त्याने घेतला वृद्धांच्या एकटेपणाचा. शहराच्या पाच वस्त्यांमधल्या मतदार याद्यांतून साठी ओलांडलेल्या तीनशे जणांचे पत्ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले आणि त्या तीनशे दारांवर जायचं काम साहजिकच आत्यांवर आलं. घरचंच कार्य म्हटल्यावर विचारायचं काय.

चिरंजीवांचे मार्गदर्शक सर म्हणजे विभागातलं मोठं प्रस्थ. कामाला सुरुवात करण्याआधी त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून प्रश्नावली समजावून दिली. आत्यांनी वहीत सगळं टिपून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सर, दाराला कुलूप असलं तर काय करायचं?"

"कुलूप दिसलं की पुढचं दार," सर म्हणाले. "पुढच्या घरात साठीच्या वर कोणी असेल तर त्यांचा फॉर्म भरा. मार्चअखेर माहिती हातात पाहिजे मला."

"पण सर, मी जाणार दहा ते पाचच्या मध्ये. दिवसा ज्याच्या दाराला कुलूप, तो माणूस कुठेतरी गेलेला असतो. घरात सापडतो तो वेगळा माणूस."

सर हसले. "बाई, तुम्हीच करून टाका की पीएच.डी."

चिरंजीवही हसला. आत्या हसल्या नाहीत, पण सांगितलं तसं त्यांनी केलं. तीनशेपैकी एकोणऐंशी घरं बंद मिळाली. तिथे त्यांनी शेजारचं दार वाजवलं आणि फॉर्मवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'बदली' असं लिहिलं. तरी मनाला चैन पडेना. मग त्या आपल्याच हौसेने काही बंद घरांकडे संध्याकाळी सातनंतर गेल्या. चौदा जण भेटले. एक जण अजून औषधांच्या दुकानात हिशेब बघत होता, एक बाई शिवणाचा क्लास घेऊन नुकत्याच आल्या होत्या, दोघे जण बागेतल्या पत्त्यांच्या अड्ड्यावरून. एका आजोबांनी तर त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं, "एकटेपणाला वेळ कुठाय मला?" चौदांपैकी तिघेच काय ते एकटेपणाच्या मोजपट्टीवर वरच्या टोकाला आले. घरी सापडलेल्यांत हेच प्रमाण दहात सहा होतं.

हे चौदा फॉर्म आत्यांनी मोठ्या आनंदाने चिरंजीवापुढे ठेवले. त्याने ते चाळले आणि त्याचा चेहरा उतरला. "आत्या, तीनशे पूर्ण झालेत ना? मग हे कशाला आणलेस? हे घातले तर सगळे तक्ते पुन्हा करावे लागतील." फॉर्म टेबलाच्या खालच्या खणात गेले, आणि 'बदली' हा शब्द संगणकात चढवताना कोणी चढवलाच नाही.

पुढची दोन वर्षं लिहिण्यात गेली. अखेर प्रबंध गेला, दोन्ही परीक्षकांचे अहवाल आले, आणि मौखिक परीक्षेची तारीख लागली. खुली मौखिक परीक्षा, म्हणजे कोणीही येऊन बसावं. चिरंजीवाने सीनियर मुलांकडून 'हमखास विचारले जाणारे चाळीस प्रश्न' असा एक कागद मिळवला होता. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सकाळी पुढच्या खोलीत रंगीत तालीम झाली. चिरंजीव टाय लावून उभा, दादा वर्तमानपत्रामागून ऐकतायत, वहिनी कौतुकाने भिंतीला टेकलेल्या, आणि खुर्चीत परीक्षक म्हणून आत्या. प्रश्न वाचण्याचा सराव घरात त्यांच्याइतका कोणाला होता?

"तुमच्या अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या?" आत्यांनी विचारलं, आपल्या नेहमीच्या सपाट आवाजात.

"माझा अभ्यास एका शहरापुरता आहे, त्यामुळे निष्कर्ष सगळीकडे लागू करता येणार नाहीत. माहिती एकाच वेळी गोळा केली, त्यामुळे कशामुळे काय झालं हे ठामपणे सांगता येत नाही, दोन गोष्टी सोबत आढळतात इतकंच. उत्तरं लोकांनी स्वतःच दिलेली आहेत. शिवाय वेळ आणि साधनं कमी होती."

"मर्यादा आणि व्याप्ती यात फरक काय?"

"व्याप्ती मी ठरवली. मर्यादा माझ्या हाताबाहेर होती."

"गृहीतकं कोणती?"

"उत्तर देणाऱ्यांनी प्रामाणिक उत्तरं दिली. प्रश्न सगळ्यांना सारखेच समजले. आणि निवडलेले तीनशे जण हे सगळ्या वृद्धांचं प्रतिनिधित्व करतात."

"एखादं गृहीतक चुकीचं निघालं तर निष्कर्षांचं काय होईल?"

इथे चिरंजीव जरा अडखळला, मग पाठ केलेलं वाक्य सापडलं. "ते पुढील संशोधकांनी तपासावं."

आत्यांनी कागद खाली ठेवला. "हे उत्तर नाही रे. तुझं काय होईल असं विचारलंय. आणि ते कुलपांचं विचारलं तर?"

"कोण विचारणार? या चाळिसांत आहे का?"

"चाळिसांत नाही म्हणून तर विचारतील. सरळ सांग. म्हणावं, एकोणऐंशी घरं बंद मिळाली, वेळेअभावी शेजारचं घर घेतलं. त्यामुळे माझा निष्कर्ष दिवसा घरी असणाऱ्या वृद्धांबद्दल आहे, सगळ्यांबद्दल नाही. चौदा जणांचे संध्याकाळचे फॉर्म आहेत, ते असं दाखवतात. पुन्हा अभ्यास केला तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जाईन. झालं. यात लाजण्यासारखं काय आहे?"

"आणि प्रबंधात का नाही लिहिलं असं विचारलं म्हणजे?" चिरंजीव म्हणाला. "आत्या, तू ना, खाजवून खरूज काढतेस."

वहिनींनी चहा आणला आणि तालीम तिथेच संपली.

मौखिक परीक्षा सकाळी अकराला होती. विभागाचा लांबट हॉल, पंखे जुने, पुढे टेबलावर हिरवं कापड, पाण्याचे पेले झाकणासकट. पहिल्या रांगेत दादा आणि वहिनी, मागे चिरंजीवाचे विद्यार्थी आणि विभागातली मंडळी. शेवटच्या रांगेत, दारापाशी, आत्या. दारापाशी बसायची त्यांना सवयच होती. त्या दिवशी त्या खूश होत्या, आणि ते काही नुसतं भाच्यासाठी नाही. मार्गदर्शक सरांना एक मोठं सर्वेक्षण मिळालं होतं, दोन वर्षांचं, आणि बारा सर्वेक्षकांवर देखरेख करायला एक माणूस हवा होता. "तुमच्याशिवाय कोण आहे?" असं सर म्हणाले होते. दार न वाजवता दार वाजवायला शिकवायचं. गुडघे दुखायला लागल्यावर याहून चांगलं काय मागावं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. प्रबंधाच्या पानापानात त्यांनी चिठ्ठ्या खोचल्या होत्या. चिरंजीवाने पडद्यावर आकृत्या दाखवत पंचवीस मिनिटं छान सांगितलं. मॅडमनी मर्यादा विचारल्या, त्याने सांगितल्या. गृहीतकं विचारली, तीही सांगितली. परिकल्पना आणि गृहीतक यांतला फरक विचारला. "परिकल्पना मी तपासली, गृहीतक तपासलं नाही, धरून चाललो," तो म्हणाला. वहिनींनी मागे वळून आत्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग मॅडमनी एक चिठ्ठी उघडली. "तुम्ही तीनशे पत्ते निवडलेत. आणि पान एकशे बारावर लिहिलंय की तीनशे प्रतिसाद मिळाले. एकही घर बंद नव्हतं?"

"मॅडम, आम्ही खूप प्रयत्नपूर्वक..."

"मी छत्तीस वर्षं सर्वेक्षणं करतेय. तीनशेपैकी तीनशे मला कधीच मिळाले नाहीत. बरं, दुसरं. तुमच्या तीनशे वृद्धांत अजून काम करणारे फक्त चार आहेत. या शहरात साठीनंतर दुकानात बसणारी, शिकवण्या घेणारी, पहाऱ्यावर जाणारी माणसं मी स्टेशनवरून इथे येईपर्यंत चारपेक्षा जास्त पाहिली. परिशिष्टातल्या नमुना फॉर्मवर वेळ दिली आहे, दहा ते पाच. तेव्हा मला सांगा, तुम्ही एकटेपणा मोजलात, की दिवसा घरात असणं मोजलंत?"

आत्या खुर्चीत सरसावून बसल्या. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. गेली चोवीस वर्षं ज्याची वाट पाहावी असा प्रश्न कोणीतरी विचारला होता, आणि उत्तर भाच्याला रविवारीच देऊन ठेवलं होतं. त्याने फक्त तोंड उघडायचं होतं.

चिरंजीव पाणी प्यायला. त्याने मार्गदर्शक सरांकडे पाहिलं. सर टेबलावरच्या कापडाची सुरकुती नीट करत होते.

"मॅडम," चिरंजीव म्हणाला, "प्रामाणिकपणे सांगतो. काही घरं बंद होती. माझी सूचना तिथे पुन्हा जाण्याची होती, पण माझ्या क्षेत्रीय सर्वेक्षकाने मला न सांगता शेजारच्या घरांतून फॉर्म भरून आणले. मला हे फार उशिरा कळलं. ही अभ्यासाची मर्यादा आहे आणि मी ती मान्य करतो."

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हे. आणि काय सफाईने काढलं! आवाज किंचित कापरा, मान किंचित खाली. मॅडमचा चेहरा तेवढ्यात जरा सैल झाला. परीक्षकाला कबुली देणारा उमेदवार आवडतो. कोणाच्या वतीने कबुली देतोय हे त्यांना कुठून कळणार.

आत्यांच्या कानांत काही वेळ काहीच शिरलं नाही. शेजारच्या मुलीने हळूच त्यांच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या कोणीतरी. विभागात क्षेत्रीय सर्वेक्षक म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या रांगेत दादांची मान वळता वळता थांबली.

मॅडमनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि अध्यक्ष, म्हणजे विभागप्रमुख, घड्याळ बघत उठले. "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का?"

हे विचारायची पद्धत असते. विचारत सहसा कोणी नाही, कारण बाहेर चहा थांबलेला असतो. आत्या उभ्या राहिल्या. गुडघा आवाज करत होता. त्यांना भांडता आलं असतं, सगळं सांगून टाकता आलं असतं. पण सांगणं त्यांना येत नव्हतं. त्यांना येत होतं विचारणं.

"एक प्रश्न आहे," त्या आपल्या सपाट आवाजात म्हणाल्या. "कुलूप असेल तर पुढचं दार घ्या, अशी सूचना सर्वेक्षकाला कोणी दिली होती का?"

हा प्रश्न म्हणजे दार होतं. आत्यांनी ते वाजवलं आणि दोन पावलं मागे सरल्या, इतकंच. चिरंजीवाला अजून बाहेर येता आलं असतं. 'हो, तोंडी दिली होती' एवढं म्हटलं असतं तरी काही आकाश कोसळणार नव्हतं. मॅडमनी दुरुस्ती सुचवली असती आणि पदवी मिळालीच असती. अशा उणिवेसाठी कोणाला नापास करत नाहीत. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार.

चिरंजीवाने आत्यांकडे पाहिलं नाही. त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "अशी कोणतीही सूचना दिली नव्हती."

मॅडम वळून आत्यांकडे बघत होत्या. "आपण कोण?"

आत्यांच्या आधी मार्गदर्शक सर बोलले. "घरच्याच आहेत, मॅडम. उमेदवाराच्या आत्या. घरची परीक्षा जास्त कडक असते." हॉलमध्ये हसू पसरलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या आणखी क्षणभर आत्यांकडे बघत राहिल्या, काही सांगायचं आहे का अशा नजरेने. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वहिनींनी मागे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती. आणि त्या बाईच्या हातचं आत्या छत्तीस वर्षं खात होत्या.

"झालं," आत्या म्हणाल्या. "उत्तर मिळालं." आणि बसल्या.

आयुष्यभर मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायची सवय. उत्तर देणारा खोटं बोलतोय हे कळलं तरी त्याला 'खोटं बोलताय' म्हणायचं नसतं, हा धंद्याचा पहिला नियम. आणि त्या दिवशी तो नियम त्यांच्या गळ्याशी आला.

सगळ्यांना बाहेर काढून समितीने दहा मिनिटं चर्चा केली. मग पुन्हा आत बोलावून अध्यक्षांनी पदवीची शिफारस जाहीर केली. किरकोळ दुरुस्ती एकच: ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहावी, आणि निष्कर्षांची भाषा सौम्य करावी. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उणीव लपवली नाहीत हे मला आवडलं." टाळ्या वाजल्या. वहिनी रडल्या. आत्यांनीही टाळ्या वाजवल्या, कारण हात मांडीवर नुसते ठेवले असते तर लोकांनी पाहिलं असतं.

दुरुस्त केलेली प्रत बांधून आली ती आत्यांनी चिरंजीवाच्या टेबलावर पाहिली. मर्यादा आधी सहा होत्या, आता सात. 'मर्यादा क्रमांक ७ : क्षेत्रीय सर्वेक्षकाने संशोधकास न कळवता ७९ बंद घरांऐवजी शेजारील घरांतून माहिती संकलित केली. सर्वेक्षकाच्या या निष्काळजीपणामुळे निष्कर्षांवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे.' आणि सुरुवातीला, ऋणनिर्देशात, तिसऱ्याच ओळीत: 'उन्हातान्हात दारोदार हिंडून माझ्यासाठी सर्व तीनशे प्रश्नावल्या एकटीने भरून आणणारी माझी आत्या हिच्या ऋणात राहणेच मला आवडेल.' म्हणजे सर्वेक्षक नेमका कोण, याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात शंका राहू नये अशी पुरती व्यवस्था. मला वाटतं, हे त्याने मुद्दाम केलं नसावं. मुद्दाम करायला डोकं लागतं.

आत्यांनी त्याला एकदाच विचारलं. "निष्काळजीपणा हा शब्द मॅडमनी सांगितला होता का?"

"अगं आत्या, ते औपचारिक असतं. कोण वाचतंय? माझी नोकरी होती पणाला." तो मोजे घालत होता. "तुझं काय गं जाणार आहे? तुला कुठे बढती घ्यायचीय?"

आत्यांना राग आला. इतका, की हातातला पेला खाली ठेवावा लागला. वाईटही वाटलं, पण त्याहून जास्त राग, स्वतःचा. उभं राहून नुसता प्रश्न विचारला याचा राग. रात्री दादा त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले, "पोरगं मार्गाला लागलं," एवढंच म्हणाले आणि गेले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. ज्यांना कळायला हवं होतं त्या सगळ्यांना कळलं होतं, आणि कोणाचंच त्यावाचून काही अडलं नव्हतं.

महिन्याभराने आत्या मार्गदर्शक सरांना भेटल्या. देखरेखीच्या जागेवर दुसऱ्याच कोणाला घेतल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, तेही फॉर्म झाडाखाली बसून भरणाऱ्यांपैकी एकाला.

"बाई, माझा नाइलाज आहे," सर म्हणाले. त्यांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. "निवड समितीत बाहेरची माणसं असतात. कोणीतरी प्रबंध काढून दाखवला. मर्यादा क्रमांक सात. आता मी काय बोलणार?"

"कुलूप दिसलं की पुढचं दार, हे तुम्ही सांगितलं होतंत, सर. मी वहीत लिहून घेतलंय. तारीख आहे."

"वही तुमची, बाई," सर म्हणाले. "प्रबंध विद्यापीठाचा आहे."

आत्या नमस्कार करून निघाल्या. त्यानंतर विभागातून त्यांना बोलावणं येईना. येणाऱ्याजाणाऱ्याने सांगितलं की नवीन मुलं नाव ऐकून म्हणतात, "त्या ना, शेजारच्या घरातून भरून आणतात?" चोवीस वर्षांत हजारो फॉर्म भरले, त्यातला एकही खोटा नाही, आणि नाव झालं ते असं. इतरांनी झाडाखाली भरलेले गठ्ठेच्या गठ्ठे खपून गेले, कारण त्यांच्या मर्यादा कोणी लिहिल्या नाहीत.

चिरंजीवाची जागा कायम झाली. तीन वर्षांत त्याला स्वतःचे विद्यार्थी मिळाले. त्यातल्या पहिल्या मुलीची मौखिक परीक्षा आली तशी तिची तालीम त्याने घरीच ठेवली, शनिवारी दुपारी, पुढच्या खोलीत. आत्या आता घरातच असत. वहिनींच्या पाठीचं दुखणं वाढलं होतं, तेव्हा चहा घेऊन त्याच बाहेर आल्या.

"मर्यादांवर प्रश्न आला की लपवायचं नाही," चिरंजीव त्या मुलीला सांगत होता. "माझ्या वेळी काय झालं, माझ्या सर्वेक्षकाने मोठा घोळ करून ठेवला होता. बंद घरं सोडून भलत्याच घरांचे फॉर्म. मी उभं राहून सरळ कबूल केलं. परीक्षकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. प्रामाणिकपणाला पर्याय नाही."

हे सांगताना त्याचा आवाज अजिबात कापत नव्हता. इतक्यांदा सांगून झालं होतं की आता त्याला ते तसंच आठवत होतं.

"मग त्या सर्वेक्षकाचं काय केलंत, सर?" मुलीने विचारलं.

चिरंजीवाने कप उचलला. आत्या ट्रे धरून तिथेच उभ्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसला, मायेने.

"आपल्याच माणसाला काय करणार," तो म्हणाला. "सांभाळून घेतलं."

मुलीने मान वर करून आत्यांकडे पाहिलं. तिला कळलं असावं, कारण ती ओशाळली, आणि मग आपलं वागणं बरं दिसावं म्हणून आत्यांना म्हणाली, "सर फार मोठ्या मनाचे आहेत, नाही?"

हा प्रश्न होता, आणि मुलगी उत्तराची वाट बघत होती. चिरंजीवही बघत होता. आतल्या खोलीतून वहिनी खोकल्या.

"माहीत नाही," आत्या म्हणाल्या, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.